जो जाणार नाही, त्याच्यासाठी लिहा

दिवाळी अंक बाजारात आले की प्रवासवर्णनांवरचा एक जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, आता हा प्रकार आटोपता घ्या. पँगाँग सरोवराचा निळा रंग ज्याला बघायचाय तो मोबाइलवर बघतो, ड्रोनमधून, वर संगीतासकट. चार पानं खर्चून लिहिलेलं 'नीलमण्यासारखं पाणी' वाचायला वेळ कुणाला आहे? दुसरी बाजू लगेच शब्दांच्या सामर्थ्याची ग्वाही देते, कल्पनाशक्तीची थोरवी गाते आणि मोबाइलला चार शिव्या घालून खाली बसते. हा वाद वर्षानुवर्षं फार वाईट पद्धतीने घातला जातोय असं मला वाटतं, कारण भांडणाऱ्या दोघांचंही एक गृहीत सारखंच आहे. वाचणारा आज ना उद्या तिथे जाणार, असं दोघंही धरून चालतात. पहिल्यांच्या लेखी तो गिऱ्हाईक, त्याला हॉटेल आणि व्हेज जेवणाची सोय कळली की झालं. दुसऱ्यांच्या लेखी तो रसिक, जाण्याआधी त्याचं मन तयार करायचंय. खिशात पैसे नाहीत म्हणून जो कधीच जाणार नाही, तो दोघांच्याही हिशेबात नाही.

माझं म्हणणं असं, की प्रवासवर्णनाचा पहिला हक्काचा वाचक हा न जाणाराच आहे. जो जाणार आहे त्याला लेखकाने अर्धवट सांगितलं तरी बिघडत नाही, तो स्वतः जाऊन उरलेलं बघेल आणि चुकलेलं दुरुस्त करून घेईल. न जाणाऱ्याकडे दुसरा साक्षीदारच नाही. त्याच्यासाठी लिहायचं ठरवलं की लेखनाला शिस्त लागते. कुठलं विशेषण फुकटचं आहे आणि कुठला तपशील सांगायलाच हवा, हे मग आपोआप कळू लागतं. चित्रदर्शी लेखन म्हणजे अलंकारांचा वर्षाव, हा आपल्याकडचा समज मुळात जाणाऱ्यांसाठी लिहून लिहून रुजला आहे.

हा वाचक आरामखुर्चीत बसलेला नसतो, हे आधीच सांगून टाकतो. तो इमारतीच्या फाटकाशी वॉचमनच्या केबिनमध्ये असतो, डेपोत गाडीची वाट बघत असतो, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या उशाशी असतो. 'मनात असलं की माणूस कसाही जातो' हे त्याला ऐकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहेच. राज्यात एसटीने 2022 साली पंचाहत्तरीपुढच्यांचा प्रवास मोफत केला आणि 2023 साली महिलांना अर्धं तिकीट केलं, तेव्हा कधी गाव न सोडलेल्या बायका तुळजापूर, पंढरपूर करून आल्या. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात. रोजंदारीवरच्या माणसाला तिकिटाहून महाग पडतात ते बुडालेले दिवस. आणि युरोपचं नाव काढाल तर शेंगेन व्हिसाची नुसती फीच 90 युरो आहे, अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. तेव्हा इच्छाशक्तीची गोष्ट पुरे. काही माणसं जाणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मग या माणसापुढे दूरदेशीची रसभरीत वर्णनं ठेवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं नाही का? विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. उपाशी माणसाला पंगतीचं वर्णन ऐकवू नये, असं म्हणणाऱ्याला मी चटकन खोडून काढू शकत नाही. आपल्याकडची कितीतरी प्रवासवर्णनं खरोखरच तसली असतात. विमानतळावर न्यायला कोण आलं, खोलीच्या खिडकीतून काय दिसत होतं, नाश्त्याला किती प्रकारचे ब्रेड होते, कोणत्या मित्राने कसा आग्रह केला. यातून वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की लेखकाची चंगळ झाली. तो प्रदेश मात्र त्याला कळत नाही. याने मीठ चोळलं जातं हे मला मान्य आहे. फक्त दोष वर्णन करण्यात नसून कशाचं वर्णन केलं यात आहे. सुखाचा हिशेब मांडला की हेवा वाटतो. एखादी जागा कशी चालते हे सांगितलं की वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं, आणि ते त्याचं त्याच्याकडेच राहतं.

मराठीत या प्रकाराची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्याकडे बघा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घराबाहेर पडले ते हौसेने नाही. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढी खबर लागली म्हणून काकांबरोबर पायी निघाले. वाटेत बंड भेटलं. पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, जीव वाचवून परतले. कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे लिहून काढलं. 1907 साली ते छापलं गेलं ते वैद्यांच्या हातच्या बदलांसह, आणि मूळ लेखन लोकांपुढे यायला 1966 साल उजाडलं. इतिहासकार या पुस्तकाकडे पुरावा म्हणून बघतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कधी घाट न चढलेल्या माणसाला काय सांगितलं म्हणजे ते डोळ्यांपुढे उभं राहील, हे या भिक्षुकाला नेमकं ठाऊक होतं.

झाशी पडल्यानंतरच्या लुटीचं वर्णन घ्या. 'हाहाकार', 'आकांत' असल्या शब्दांवर ते तरून जात नाही. लूट टप्प्याटप्प्याने कशी झाली ते गोडसे सांगतात. आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. या क्रमाने वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण तो मनातल्या मनात स्वतःच्या घरातली एकेक वस्तू उचलली जाताना बघतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झाशीची राणी भेटते तो प्रसंगही असाच आहे. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने जीव व्याकुळ. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती नको म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते, आणि मातीच्या भांड्याने पाणी पिते. आपण अर्ध्या शेर तांदळाच्या धनीण, असं ती बोलून जाते. एका विधवेला पोटापुरतं लागतं तरी किती, हे त्या अर्ध्या शेरात मोजून दिलेलं आहे. राणीच्या शौर्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना जे साधलं नाही ते या एका मापाने साधलं. परतताना गोडसे गंगेची कावड घेऊन वरसईला आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. म्हातारी माणसं गंगेवर जाणार नव्हती हे त्यांना माहीत होतं. त्यांची लेखनाची रीतही याच जातीची आहे. घरी थांबलेल्यांसाठी काय उचलून न्यायचं, यावर त्यांची नजर असते.

ही काही सुटी घटना नव्हे. 1886 साली पंडिता रमाबाई आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, आणि 1889 साली त्यांनी अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. त्या पुस्तकाचे वाचक अमेरिकेला जाणार नव्हते, बायका तर नव्हत्याच. म्हणून रमाबाई सृष्टिसौंदर्यावर थांबल्या नाहीत. तिथलं राज्य कसं चालतं, घरं कशी असतात, शाळा कशा आहेत, बायका संस्था कशा उभारतात, हे त्यांनी ओळीने सांगितलं. न जाणारीला काय उपयोगी पडेल हा विचार त्यामागे उघड दिसतो. त्याच्याही कितीतरी आधीपासून, ज्यांना वारीला जायला मिळालं नाही त्या बायका जात्यावर बसून पंढरीच्या ओव्या गात आल्या. त्यांत चंद्रभागा असते, गरुडखांब असतो, बुक्का असतो, तुळशीची माळ असते. नुसतं 'रम्य पंढरपूर' गाऊन त्यांचं दळण सरलं नसतं.

आता हे आज करायचं कसं? एका तालुक्याच्या गावी वाचनालयात एका प्रवासी लेखकाचं व्याख्यान होतं, विषय लडाख. स्लाइड्स सुंदर होत्या. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून खानावळ चालवणाऱ्या एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, "तिकडं डाळ शिजते का हो नीट?" सभागृह हसलं. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "ताई, तिथे गेल्यावर जेवणाची शुद्धच राहत नाही." टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न असा वाया गेला.

कारण त्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं लडाख आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटरवर आहे. आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी लेहच्या बाजारपेठेपर्यंत पोचायला दोनशे मीटर कमी पडतात. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांशच उरतो, त्यामुळे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. एकदा उकळी फुटली की खाली कितीही जाळ करा, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही. म्हणजे डाळ उकळत राहते, पण लवकर शिजत नाही. तिथे कुकरवाचून भागत नाही. दाब बाहेर कमी आहे, म्हणून तो भांड्याच्या आत तयार करावा लागतो. खाली सपाटीवर भरलेलं वेफर्सचं पाकीट तिथल्या दुकानात फुग्यासारखं टम्म फुगून टांगलेलं असतं, तेही याच कारणाने. आणि जे पाकिटाचं तेच माणसाचं. एका श्वासात मिळणारा प्राणवायू कमी, म्हणून पहिल्या दिवशी जिना चढताना छाती धडधडते, डोकं ठणकतं, आणि रात्री डोळा लागतो न लागतो तोच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते. विमानाने थेट उतरलेल्यांना पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायला सांगतात ते यासाठीच. खानावळवाल्या बाईंना यातलं काहीही समजायला अवघड नव्हतं. कुकरची शिट्टी म्हणजे काय हे त्यांना पाहुण्यांपेक्षा जास्त कळत होतं.

घरांचंही असंच. लडाखी घराचं छप्पर सपाट असतं. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्यांचा दाट थर, त्यावर माती. 'मातीची चिमुकली घरकुलं' असं लिहून लेखक पुढे सरकतो. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकाला मात्र 'हे तर आपलं माळवद' एवढं सांगितलं तरी निम्मं घर उभं राहतं. वाळत घातलेलं गवत, रचून ठेवलेलं सरपण, शेणाच्या गोवऱ्या, सगळं त्याच छपरावर. मग कारणाकडे वळायचं. लेहमध्ये वर्षभरात सुमारे 100 मिलिमीटर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. ज्याने तो दिवस गुडघाभर पाण्यात चालत काढला त्याला हे ऐकवा, की लेहला नऊ वर्षांत पडतं तेवढं पाणी त्या दिवशी तुझ्या अंगावरून गेलं. कोरडेपणा म्हणजे काय, ते तिथे जाऊन आलेल्या पर्यटकापेक्षा त्याला जास्त नेमकं समजेल. मातीचं सपाट छप्पर तिथे का टिकतं हेही समजेल, आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ढगफुटी झाली तेव्हा ती घरं का विरघळली आणि माणसं का गाडली गेली, हेही. पाऊस नाही म्हणून शेती बर्फ वितळून आलेल्या पाटाच्या पाण्यावर. पाण्याच्या पाळ्या ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. आणि पाणी अपुरं म्हणून घरातला संडास कोरडा. वरच्या मजल्यावर भोक, खाली खोली, वरून माती लोटायची, वर्षाने त्याचं खत शेतात. डाळीपासून निघालो आणि संडासापर्यंत आलो, मध्ये एकही नीलमणी लागला नाही. तरी ज्याने हे वाचलं त्याला लेहच्या एका घरात डोळे मिटून वावरता येईल असं मला वाटतं.

इथे मोबाइलवाले म्हणतील, हे सगळं व्हिडिओतही सांगता येतं. येतं. चेहरे, रंग, उतारावरून घसरणारी सावली, बाजारातल्या आवाजांची सरमिसळ, यात चित्रफितीशी शब्दांनी स्पर्धा करूच नये. तिथे शब्द हरतात, आणि हरले याचं वाईट वाटून घेण्याचंही कारण नाही. शिवाय चित्रफीत जवळजवळ फुकट आहे, पुस्तक फुकट नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या बाजूने बोलताना ही गोष्ट डावलता येणार नाही. पण चित्रफितीची एक खोड आहे. ती रस्ता कापून टाकते. दिल्ली ते लेह हा एसटीसारख्या साध्या सरकारी बसने हजार किलोमीटरहून जास्त अंतराचा प्रवास. पंधरा सेकंदांच्या तुकड्यात सामान भरलेलं दिसतं आणि लगेच मठ दिसतो. मधलं कंबरडं मोडणारं बसणं, रात्रीचा मुक्काम, घाटात कोसळलेल्या दरडीपाशी इंजिन बंद करून काढलेले तास, डोकेदुखी कुठल्या वळणापासून सुरू झाली ते, हे सगळं गळतं, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. अंतर गळलं की जागा नुसती चित्रातली उरते. आणि ज्याला पैशांअभावी अंतर ओलांडता येत नाही, त्याला त्या अंतराचीच तर ओळख हवी असते. वाऱ्याचा आवाज काढून त्यावर बासरी चढवलेली असते ते वेगळंच. शब्दांना हे करता येतं असं म्हणून मी शब्दांना मोठेपणा देत नाहीये. मराठीतली बहुतेक प्रवासवर्णनंही विमानतळावरून थेट हॉटेलात उगवतात. माध्यम कुठलंही असो, रस्ता खाल्ला की वाचकाची फसवणूक होते.

आता विश्वासाचा प्रश्न. जो जाऊन पडताळू शकत नाही त्याला काहीही सांगून गप्प बसवता येतं, मग त्याच्या वाचनाला ज्ञान म्हणायचं कसं? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरबसल्या जग जाणण्याचा दावा किती घातक ठरू शकतो याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. जेम्स मिलने 1817 साली हिंदुस्थानचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. तो इथे कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. उलट प्रस्तावनेत त्याने बजावलं, की लायक माणसाला इंग्लंडमधल्या खोलीत बसून एका वर्षात हिंदुस्थानाचं जेवढं ज्ञान होईल तेवढं इथे जन्म काढून डोळ्याकानांनी होणार नाही. पुढे कंपनीचे अधिकारी ज्या हेलीबरीच्या महाविद्यालयात घडत, तिथे ते पुस्तक शिकवलं जाई. म्हणजे खोलीतल्या प्रवाशाची मतं इथल्या माणसांवर राज्य करायला आली.

पण मिलचा गुन्हा घरी बसण्याचा होता का? त्याच्या आधी पॅरिसमध्ये दांव्हिल नावाचा एक नकाशाकार होऊन गेला. तोही कुठे गेला नाही, सारा जन्म टेबलापाशी प्रवाशांची टिपणं ताडून बघण्यात घालवला. 1749 साली त्याने आफ्रिकेचा नकाशा काढला. तोवरचे नकाशाकार आतल्या भागात काल्पनिक डोंगर, राज्यं, जनावरं भरत. याने ज्या भागाबद्दल भरवशाची साक्ष मिळाली नाही तो कोरा सोडला. त्या कोऱ्या जागेमुळेच त्याचा नकाशा नावाजला गेला. दोघंही घरीच बसले होते. एक जाऊन आलेल्यांची साक्ष मोडीत काढून निकाल देत होता, दुसरा साक्षी तपासत होता आणि जिथे त्या संपल्या तिथे हात थांबवत होता. न जाणाऱ्या वाचकाने कोणाचा कित्ता गिरवावा हे सांगायला नको, आणि लेखकानेही आपल्याला न कळलेली जागा विशेषणांनी भरून काढण्याआधी दांव्हिलची आठवण ठेवावी.

शिवाय जाऊन आलेल्यांना तरी खरं कळतं का? लेहहून नुब्रा खोऱ्यात जाताना खारदुंग ला नावाची खिंड लागते. तिथे वर्षानुवर्षं पाटी होती, उंची 18,380 फूट, म्हणजे 5,602 मीटर, जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता. किती जणांनी त्या पाटीला टेकून फोटो काढले असतील! जीपीएसने मोजल्यावर खिंड निघाली साधारण 5,359 मीटर. जवळपास अडीचशे मीटरचा फरक. प्रत्यक्ष त्या जागी उभं राहिलेल्या, तिथली हवा ओढलेल्या माणसाला हा फरक जाणवला नाही आणि जाणवणं शक्यही नव्हतं. तो चुकीचा आकडा घेऊन घरी आला, त्याने तो दिवाळी अंकात लिहिला, आणि घरी बसून दोन पुस्तकं ताडून बघणाऱ्या एखाद्या शाळामास्तराला मात्र काहीतरी गडबड आहे असा संशय आला असणार. 'मी स्वतः पाहिलंय' या वाक्याला आपण फार मान देतो. पाहणाऱ्याने विचारलं काय, मोजलं काय, कुणाकडून ऐकलं, हे त्याने सांगितलं तरच त्या वाक्याला वजन यावं. माझी साधी मागणी आहे. प्रवासवर्णनात स्वतः पाहिलेलं, गाइडने सांगितलेलं आणि नंतर वाचलेलं, हे वेगवेगळं ओळखू येईल असं लिहा. जाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, न जाणाऱ्याचं त्यावाचून अडतं.

आणि पैसे लिहा. बसचं भाडं, खोलीचं भाडं, जेवणाचा खर्च, आणि हे सगळं कोणी भरलं तेही. मराठी प्रवासवर्णनात पैशाबद्दल चमत्कारिक सोवळं पाळलं जातं, जणू लेखक वाऱ्यावर तरंगत गेला. कुणाच्या खर्चाने गेलात हे न सांगता हॉटेलची तारीफ करणं ही तर सरळ जाहिरातच. एका माणसाला लेहला जाऊन यायला काय लागतं हे आकड्यात वाचलं, की न जाणारा वाचक दुखावत नाही. तो महिन्याचा पगार त्या आकड्याशेजारी मांडतो आणि स्वतः ठरवतो, की हे दहा वर्षांत जमण्यासारखं आहे की मुळीच नाही. त्याला काय झेपेल हे आपण परस्पर ठरवून आकडा लपवणं, ही मला दयेची नसती लुडबूड वाटते.

शेवटचा आक्षेप डावीकडून येतो आणि तो मला आतून पटतोही. गरिबाला तिकीट द्यायचं सोडून तुम्ही त्याला वर्णनं देता, ही मलमपट्टी आहे. बरोबर आहे. रेल्वेला साध्या डब्यांची संख्या वाढवायला लावणं, पगारी रजा मिळवणं, एसटीच्या सवलती टिकवणं, यांची जागा एकही लेख घेऊ शकत नाही. पण पगारी रजा मिळेपर्यंत त्या माणसाने जगाबद्दल काही जाणूनच घ्यायचं नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. बरं, ज्यांना वर्णन नको तिकीट हवं असं वाटतं, त्यांनी आधी पुस्तकाच्या किमतीकडे तरी बघावं. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत छायाचित्रं, त्यांतल्या निम्म्यांत लेखक स्वतः टोपी घालून उभा, आणि किंमत पाचशेच्या वर. जो प्रवास करू शकत नाही तो हे पुस्तक कशाला घेईल? गावातल्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयालाही ते परवडत नाही. आणि एवढा खर्च करून आत नकाशा नसतो. नसतोच. जिथून निघालो, जिथे पोचलो, वाटेतली खिंड, नदी, मुक्काम, शेजारी किलोमीटरची पट्टी आणि खाली चढउताराची एक रेघ, एवढं काळ्या शाईत एका पानावर मावतं, त्याला रंगीत कागद लागत नाही. प्रकाशकांनी छायाचित्रांची आठ पानं काढून टाकावीत, हा नकाशा घालावा आणि पुस्तक दीडशे रुपयांत द्यावं. लेखकाला टोपीतला फोटो हवाच असेल तर मलपृष्ठ आहे.